दांडा दीडशे किलोचा, भोक सात मिलिमीटरचं

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे आणि ज्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे किंवा जाणार आहे, त्यांनी चहा घेऊन बसावं आणि शेवटपर्यंत वाचावी. थोडं कडू बोलणार आहे. एकतीस वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, त्यामुळे हे पाप आमच्याच धंद्यातलं आहे हे आधीच कबूल करतो.

आमच्या विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू पडल्या. वय ७४, वजन साठच्या आसपास. कमोडवरून उठताना बाजूच्या भिंतीवरचा स्टीलचा दांडा धरला आणि दांडा भिंतीतून उपटून त्यांच्या हातात आला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकरवर आहेत. हा दांडा काकांनी बाजारातून आणलेला नव्हता. नव्या बिल्डिंगच्या ॲमिनिटीजच्या यादीत ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी ग्रॅब बार, नग १’ अशी ओळ होती. आपण सगळ्यांनी ती वाचून माना डोलावल्या होत्या. मीही डोलावली होती.

पडल्यानंतर जिन्यात काय चर्चा झाली? ‘काकूंनी जरा जपून उठायला हवं होतं.’ ‘या वयात सोबत कोणीतरी असायला पाहिजे.’ एक सदस्य तर म्हणाले, ‘अहो, तो आधाराला असतो, लोंबकळायला नाही.’ या वाक्याने माझं डोकं फिरलं आणि म्हणून ही पोस्ट. आधार म्हणजे काय हो मग? तोल गेलेल्या माणसाने दांड्यावर किती किलो टाकायचे हे ठरवून धरायचं का? पाय सटकला की अख्खं अंग त्या एका हातावर येतं. तेवढ्या एका क्षणासाठीच तो दांडा भिंतीवर असतो. एरवीच्या तीनशे चौसष्ट दिवसांत भिंतीला हात लावूनही उठता येतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांची परवानगी घेऊन ते भोक बघितलं. टॉर्च, एक सळी आणि मोजपट्टी एवढंच नेलं होतं. दांडा उत्तम होता. स्टेनलेस स्टील, कुठे वाकलेला नाही, वेल्डिंग शाबूत. स्क्रूही सरळ. स्क्रूवर प्लॅस्टिकची गिट्टी तशीच चढलेली, म्हणजे गिट्टीसकट बाहेर आला. ती गिट्टी मोजली: ३५ मिलिमीटर. आता भिंत बघा. टाइल ८ मिलिमीटर, तिच्या मागे चिकटवायचा मसाला ५, त्यामागे प्लास्टर १५. झाले २८. म्हणजे ३५ मिलिमीटरच्या गिट्टीपैकी खऱ्या भिंतीत गेले फक्त ७ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढे. आणि ती भिंत तरी कसली? सिपोरेक्सची. चार इंची, हलका पांढरा ब्लॉक, चावीने खरवडला तरी भुगा पडतो.

म्हणजे काकूंचा भार पेलत होतं प्लास्टर. भिंत त्यात नव्हतीच.

इथे लोक मला म्हणतात, ‘पण पाकिटावर तर दीडशे किलो लिहिलं होतं.’ लिहिलं असेल, आणि ते खोटंही नसेल. पाइपवर दीडशे किलो टाकले तर पाइप वाकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारखान्याला तुमची भिंत माहीत नाही. आणि पाकिटात जे स्क्रू आणि गिट्ट्या टाकलेल्या असतात त्या साधारण दीड इंचाच्या. टाइल नसलेल्या विटेच्या भिंतीत त्या कशाबशा चालतील. आपल्याकडच्या बाथरूमात टाइल आणि प्लास्टर ओलांडण्यातच त्या संपतात. तरी आपले प्लंबर त्याच वापरतात, कारण त्या फुकट आलेल्या असतात. वेगळा स्क्रू आणायला हार्डवेअरच्या दुकानात जावं लागतं, आणि त्या फेरीचे पैसे कोणी देत नाही.

अमेरिकेत अपंगांसाठीच्या बांधकामाचं जे मानक आहे, त्यात ग्रॅब बारला २५० पौंडांचा भार सांगितला आहे, म्हणजे आपले साधारण ११३ किलो. आकड्यापेक्षा त्यातली शब्दरचना महत्त्वाची आहे. हा भार दांड्यावर कुठेही पडो, उभा पडो की आडवा, तो दांड्याने, स्क्रूने, बसवायच्या बैठकीने आणि मागच्या भिंतीनेही पेलला पाहिजे असं तिथे म्हटलं आहे. चारही गोष्टी एकाच वाक्यात. आपल्या करारात एकच गोष्ट लिहिली होती: नग १. बिल्डरने नग दिला. कागदावर तो चुकलेलाच नाही, हेच तर दुखणं आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे. दांडा भिंतीला चिकटलेला नसतो, बोटं जायला जागा लागते. त्यामुळे दांड्याचा मध्य भिंतीपासून साधारण साडेसहा सेंटिमीटर पुढे असतो. साठ किलो तिथे पडले की दांड्याच्या टोकाची गोल तबकडी खालच्या कडेवर टेकते आणि वरून उघडायला बघते, पत्र्याचा डबा चमच्याने उघडतो तशी. वरचा स्क्रू त्या खालच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर. साठ गुणिले साडेसहा, भागिले सहा: पासष्ट किलो. म्हणजे काकू एका टोकाजवळ पूर्ण भाराने खाली दाबत असल्या, तरी वरचा स्क्रू भिंतीतून पासष्ट किलोने बाहेर ओढला जातो. जवळपास त्यांच्या अख्ख्या वजनाएवढा. आणि हे सावकाश भार टाकला तर. पाय सटकून झटका बसला की दुप्पट धरा. हा ओढा सात मिलिमीटर सिपोरेक्सने पेलावा अशी आपली अपेक्षा होती.

म्हणून दुकानात दांडा ठोकून, वाजवून, वजन करून बघणाऱ्यांना माझं सांगणं असं की दांड्यात काही बघायचं नाही. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, मुठीत नीट मावणारी जाडी घ्या (सव्वा ते दीड इंच), पृष्ठभाग ओल्या हाताला फार गुळगुळीत नको, आणि तबकडीला तीन भोकं असावीत. दोन भोकांचा घेऊ नका. झालं. उरलेली सगळी अक्कल भिंतीत खर्च करायची.

भिंत कसली आहे हे बिल्डरला विचारू नका, ड्रिलला विचारा. भोक पाडताना खाली कागद धरा आणि भुग्याचा रंग बघा. आधी टाइलचा भुगा, मग सिमेंटचा करडा. त्यानंतर लाल भुगा आला तर पक्की वीट. पांढरट भुगा आला आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स. करडाच भुगा येत राहिला आणि ड्रिल रडायला लागलं, पुढे सरकेना, तर काँक्रीट. करडाच भुगा पण ड्रिल सहज जातंय, तर ती फ्लाय ॲशची वीट असू शकते. आणि मध्येच ड्रिल एकदम आत पडलं तर ब्लॉक पोकळ आहे, तिथेच थांबा. रंग बदलतो त्या क्षणी ड्रिलच्या बिटवर पेनने खूण करा. खरी भिंत किती खोलवर सुरू होते ते कळलं. ही खूण केल्याशिवाय कोणता स्क्रू आणायचा हे कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये लाल विटेची भिंत असेल तर नशीबवान आहात. तिथे पाकिटातली गिट्टी फेकून द्या आणि शंभर मिलिमीटरची, दहा मिलिमीटर जाडीची लांब नायलॉन गिट्टी तिच्या जोडीच्या स्क्रूसकट आणा. विटेच्या आत निदान सहा-सात सेंटिमीटर गेली पाहिजे आणि तिचा फुगणारा भाग विटेतच आला पाहिजे. भोक दोन विटांच्या सांध्यात आलं, भुग्यात नुसती वाळू-सिमेंट येतंय असं दिसलं, तर जागा दोन इंच सरकवा. ॲल्युमिनियमच्या फर्म्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतील, ज्याला साइटवर मायवान म्हणतात, तर साधा लोखंडी विस्तारणारा बोल्टही पुरतो. फक्त सळई लागली तर जबरदस्ती न करता बाजूला सरका.

पण आपल्या भागात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे काही उभं राहिलंय, त्यात बाथरूमच्या आतल्या भिंती बहुतेक सिपोरेक्सच्या चार इंची. सिपोरेक्स वाईट नाही. हलका आहे, इमारतीवरचा भार कमी होतो. पण त्यात फुगणारा बोल्ट ठोकला की तो आतून ब्लॉकचाच चुरा करतो. बसवताना घट्ट वाटतो, कारण चुरा दाबला गेलेला असतो. महिन्याभराने हलायला लागतो. मग प्लंबर येतो, काडेपेटीच्या काड्या किंवा व्हाइट सिमेंट भरून परत पिळतो आणि शंभर रुपये घेऊन जातो. हसू नका, आपल्या सोसायटीत तीन घरांत काड्या निघाल्या आहेत.

काकूंच्या घरी आम्ही काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांना तेच लागणार आहे.

कमोडच्या बाजूच्या भिंतीमागे त्यांची बेडरूम. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना हात पोचतो. अशा वेळी भिंतीत काही रुतवत बसायचंच नाही, आरपार जायचं. सहा मिलिमीटर जाडीचा स्टेनलेसचा आटे पाडलेला रॉड मिळतो, एक मीटरचा. कोणी म्हणेल सहाचा बारीक आहे. नाही. एका तबकडीला असे तीन, दोन टोकांना मिळून सहा. स्टीलची ताकद आपल्याला कधीच कमी पडत नाही, कमी पडते भिंत. शिवाय बाजारातल्या दांड्यांच्या तबकडीला भोकं त्याच मापाची असतात, आठचा रॉड त्यात जातच नाही. टाइलपासून ब्लॉकच्या मागच्या बाजूपर्यंत १२८ मिलिमीटर, वर तबकडी, वॉशर, नट आणि मागची पट्टी मिळून १६ सेंटिमीटरचा एक तुकडा. सहा तुकडे एका मीटरमध्ये बरोबर बसतात.

आधी जागा ठरवली. आणि इथे मी पुस्तकातली उंची वापरली नाही. अमेरिकेच्या मानकात ३३ ते ३६ इंच आहे, पण काकू चार फूट दहा इंच. त्यांना साडी नेसलेल्याच, कमोडचं झाकण लावून त्यावर बसवलं आणि म्हटलं, उठा बघू. हात आपोआप कुठे जातो तिथे चिकटपट्टी लावली. तीन वेळा उठवलं, तिन्ही वेळा हात साधारण २९ इंचांवर गेला. कोपर वाकलेला आणि हाताने खाली दाबून उठता आलं पाहिजे. दांडा उंच लावला तर माणूस त्याला ओढत उठतो, आणि ओढण्यात तोलही जातो आणि स्क्रूवरचा ताणही वाढतो. बिल्डरने लावलेला होता ३६ इंचांवर आणि तोही हातभर पुढे. कारण तिथे टाइलचा सांधा जुळत होता.

मग टाइल वाजवून बघितली. बोटाच्या पेराने टकटक करायचं. भरीव आवाज हवा. ढब्ब आवाज आला तर मागे मसाला नाही, तिथे नट पिळला की टाइल तडकणार. एक टाइल पोकळ निघाली म्हणून दांडा चार इंच मागे घेतला. भिंतीतल्या पाइपांचा अंदाज नळाच्या आणि गीझरच्या जागेवरून घेतला. पाइप शक्यतो नळापासून सरळ वर-खाली किंवा आडवे जातात, त्या रेषेपासून वीतभर लांब राहायचं. टाइल लावायच्या आधीचे फोटो कोणाकडे असतील तर सोन्यासारखे जपा.

ड्रिलचं हॅमर बंद. टाइलला काचेचं बिट, आणि सिपोरेक्सला तर हॅमर कधीच नाही, नाहीतर पलीकडे बेडरूमचं प्लास्टर पापडासारखं सुटतं. आधी बारीक बिटने आरपार गेलो, मग दोन्ही बाजूंनी सात मिलिमीटरचं भोक मोठं केलं. टाइलमधलं भोक आठचं, म्हणजे रॉड टाइलच्या काठावर टेकत नाही. भोक बेडरूमकडे किंचित चढतं ठेवलं. पुढेमागे पाणी शिरलंच तर बाथरूमकडे परत यावं, पलंगाच्या मागे नको. मग भुगा काढायचा: फुंकणी, ब्रश, परत फुंकणी. भोकात केमिकलची ट्यूब मारून रॉड पिळत पिळत घातले, म्हणजे ते आत डुगडुगत नाहीत. भुगा राहिला तर केमिकल भुग्याला चिकटतं, भिंतीला नाही. हे काम कोणी दहा मिनिटांत करतो म्हणाला तर त्याने भुगा काढलेला नाही असं समजा.

बेडरूमच्या बाजूने प्लास्टर तेवढ्यापुरतं छिनून ब्लॉक उघडा केला आणि त्यावर प्रत्येक टोकाला पाच मिलिमीटर जाडीची, सहा इंच बाय चार इंचांची पट्टी लावली, तीन भोकांची. फॅब्रिकेटरने एका तासात कापून दिली. खरा आधार हीच पट्टी. आता दांडा उपटायचा असेल तर ती पट्टी चार इंची ब्लॉकमधून ओढून बाहेर काढावी लागेल. मागे दुहेरी नट, पुढे एक. पिळताना मात्र माझ्या हाताखालच्या पोराला हात आवरायला सांगावा लागला. सिपोरेक्स दोन बाजूंनी आवळला तर दबतो आणि टाइल तडकते. नट टेकला की वर अर्धा फेरा, बस. शेवटी तबकडीच्या कडेने सिलिकॉन, खालचा थोडा भाग मोकळा ठेवून, म्हणजे आत पाणी साचत नाही. एकूण सामानाचा खर्च साडेसतराशे रुपये, दांडा सोडून.

मागची भिंत डक्टची किंवा बाहेरची असेल तर पट्टी लावता येत नाही. मग सिपोरेक्ससाठी चालतं असं लिहिलेलं केमिकल आणि ब्लॉकच्या आत जेवढं जाता येईल तेवढा लांब रॉड, आणि नंतर वजनाची परीक्षा दुप्पट काळजीने. त्यातही दांड्याचं एक टोक काँक्रीटच्या कॉलमवर नेता आलं तर फार बरं. जमिनीवर पाय रोवलेले दांडे मिळतात, त्यांचा मोह होईल. बाथरूमच्या फरशीत भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला भोक. काकू सावरतील, पण खालच्या मजल्यावरचे जोशीबुवा पुढच्या सभेत तुम्हाला सावरू देणार नाहीत.

सक्शनवाल्या, रबरी वाटीच्या हँडलबद्दल विचारणाऱ्यांना एकच सांगतो. परदेशातली मुलं आईला ऑनलाइन पाठवतात त्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण ती वाटी हवेच्या दाबावर टिकते. साबणाचा थर, टाइलचा सांधा, बारीक खडबडीतपणा, एवढ्याने हवा हळूहळू शिरते आणि काही आवाज न करता ती सुटते. सकाळी घट्ट असते, दुपारी नसते. त्यापेक्षा काही नसलेलं बरं, निदान माणूस त्याच्यावर विसंबत नाही. टॉवेलच्या रॉडचंही तेच.

आता परीक्षा. हाताने हलवून ‘एकदम टाइट आहे’ म्हणणं ही परीक्षा नव्हे. काकूंचा जुना दांडाही ताबा घेतला त्या दिवशी टाइट होता, मी स्वतः हलवून बघितला होता. केमिकल पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळलं, वर एक रात्र गेली, मग आम्ही सिमेंटच्या दोन गोण्या आणल्या. एक गोणी पन्नास किलो. दोरीच्या फासात गोणी आडवी बांधून दांड्याच्या एका टोकाशी लटकवली, जमिनीपासून चार बोटं वर, खाली जुनी गादी. मग त्याच फासात दुसरी. शंभर किलो, दहा मिनिटं, आणि सगळा भार एकाच टोकावर. मग दुसऱ्या टोकाशी तेच. बघायचं काय, तर तबकडी आणि टाइल यांच्यात कागद जाण्याएवढी तरी फट पडते का, टाइलवर केसासारखी रेघ येते का, करकर आवाज येतो का. काही नाही. शेवटी ज्याने बसवला त्या पोरालाच, वजन ७२ किलो, दोन्ही हातांनी दांडा धरून मागे झुकायला लावलं, कारण गोण्या खाली ओढतात, पडणारा माणूस बाहेरही ओढतो. मागे दोघं उभे होते. दांडा हलला नाही. मगच काकूंना दाखवला.

त्यांनी हात लावला नाही. दहा-बारा दिवस त्या दांड्याशेजारी काकांचा खांदा धरूनच उठत होत्या. हेही नुकसान कोणत्या नगात मोजायचं ते मला कोणी सांगा.

नंतरची देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा सिलिकॉनची रेघ बघा. ती एका बाजूने फाटली असेल तर दांडा हलतोय, मग तुमच्या हाताला जाणवो न जाणवो. तबकडीखालून तपकिरी ओघळ दिसला तर आतला स्क्रू साध्या लोखंडाचा आहे. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर दांड्याला लाल चिंधी बांधून वापर बंद करा आणि उघडून बघा.

आता मुद्द्यावर येतो, कारण ही पोस्ट फक्त काकूंसाठी नाही. समोरच्या दोन सोसायट्यांचे करार अजून सहीला जायचे आहेत. त्यांच्या मसुद्यात तीच ओळ आहे, शब्दही तेच. मी वाचली आहे. आत्ता हे दुरुस्त करायला जवळजवळ काहीच खर्च नाही. भिंत बांधतानाच कमोडच्या बाजूला आणि जिथे आपली माणसं स्टुलावर बसून बादलीने आंघोळ करतात तिथे, जमिनीपासून दोन ते साडेतीन फुटांच्या पट्ट्यात, सिपोरेक्सऐवजी भरीव काँक्रीटचे ब्लॉक लावायचे. प्रत्येक बाथरूमला ओंजळभर ब्लॉक. टाइल लागली की हेच काम दसपट महाग आणि दसपट कटकटीचं. आंघोळीच्या जागेचं मुद्दाम लिहितो, कारण दांडा नेहमी कमोडपाशीच लावतात आणि आपल्याकडे ओल्या फरशीवरून, स्टुलावरून उठणं हाच खरा जोखमीचा क्षण असतो.

बिल्डरचे लोक म्हणतील, ‘एवढ्या बारीकसारीक गोष्टी करारात नसतात.’ नळ कुठल्या कंपनीचा हे असतं. टाइलची साइझ असते. लिफ्टमधल्या आरशाचं माप असतं. मग भिंतीत काय भरायचं हे का नसावं? दुसरं म्हणतील, ‘ताबा घेतल्यावर टाइलला ड्रिल मारलं तर लीकेजची जबाबदारी आमची नाही.’ बरोबर आहे, म्हणूनच तुम्हीच मारून द्या आणि वजन टाकून दाखवा. आणि आपलेच काही सदस्य म्हणतील, ‘आम्ही अजून चाळिशीत आहोत, आम्हाला नको तो दांडा, बाथरूम हॉस्पिटलसारखं दिसतं.’ नका लावू. ब्लॉक तरी भरून ठेवा. दांडा तीस वर्षांनी लावा. तोपर्यंत टाइलमागे काय आहे ते कोणाला दिसणार आहे?

‘नग १’ ऐवजी करारात घालायचा मजकूर मी लिहून ठेवला आहे, चार ओळींचा: दांड्याच्या दोन्ही जागी टाइलमागे भरीव ब्लॉक, टाइल लावण्याआधी प्रत्येक फ्लॅटच्या त्या भिंतीचा मोजपट्टीसकट फोटो, उंची त्या घरातल्या माणसाला बसवून ठरवायची, आणि ताबा देताना सदस्यासमोर प्रत्येक टोकाला शंभर किलो, दहा मिनिटं. वकिलांना दाखवून भाषा नीट करून घ्या, पण शंभर किलो आणि दहा मिनिटं हे आकडे कोणालाही खोडू देऊ नका.

समोरच्या सोसायटीची सभा या रविवारी सकाळी दहाला आहे. मी जाणार आहे, सभासद नसलो तरी. बाहेर बसवलं तर बाहेर बसेन. काकूंचा तो उपटलेला दांडा, गिट्टीसकट, माझ्या पिशवीत आहे. ज्यांना बघायचा असेल त्यांनी या. आपल्या स्वतःच्या विंगमध्ये ज्यांच्याकडे बिल्डरने लावलेला दांडा आहे त्यांनी आज संध्याकाळपासून तो वापरणं थांबवा आणि फ्लॅट नंबर खाली लिहा. ड्रिल माझं, गोण्या माझ्या. दोरी आणि गादी तुम्ही आणा.